अनाउन्समेंटखालच्या कमेंटमध्ये टोमणा आहे की नाही, कसं ओळखायचं?

"मॅडम, मला टीम लीड केल्याचं मॅनेजरनी ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी अभिनंदन लिहिलंय पण दोन-तीन कमेंट वाचल्यापासून डोक्यातून जातच नाहीयेत. टोमणे आहेत ते, की मीच जास्त विचार करतेय? नवरा म्हणतो सोडून दे. कसं कळणार नक्की काय ते?"

नवऱ्याचा सल्ला प्रेमाचा आहे पण त्याने शंका मिटत नाही, ती तुम्ही आत घेऊन फिरत राहता आणि मग त्या माणसाचं प्रत्येक वाक्य त्याच चष्म्यातून वाचता. तुमच्यासारखीच एक मुलगी माझ्याकडे आली होती, तिचं सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय). आयटी कंपनी, मॅनेजरनी टीमच्या चॅटवर टाकलेलं की सोमवारपासून रिलीजचं, म्हणजे तयार सॉफ्टवेअर बाहेर देण्याचं काम ही बघेल, अप्रूव्हल तिच्याकडूनच घ्या. तिला खुपणाऱ्या कमेंट तीन. एका सीनिअरने लिहिलं, "अरे वा! आम्हालाही इथूनच कळलं. ऑल द बेस्ट, लागेलच." टेस्टिंगमधल्या एकीने, जिला तपासायला सॉफ्टवेअरचं बिल्ड म्हणजे तयार आवृत्ती लागते, लिहिलं, "ग्रेट! आता तरी बिल्ड वेळेवर मिळेल अशी आशा." आणि सपोर्टमधल्या एकाने फक्त "नोटेड." तिच्या मते तिघांनी मिळून तिला खाली पाडलं होतं, आणि सगळ्यात जास्त राग त्या "नोटेड"चा.

मी तिला त्या तीन कमेंट कागदावर लिहायला लावल्या आणि म्हटलं की यातले असे शब्द खोड जे काढले तरी निरोप तोच राहतो. "आता तरी" खोडलं तर उरतं "बिल्ड वेळेवर मिळेल अशी आशा", साधी इच्छा झाली ती. म्हणजे "आता तरी"मध्ये वेगळी तक्रार भरलेली होती, की आधी वेळेवर मिळत नव्हतं. "आम्हालाही इथूनच कळलं" तर अभिनंदनासाठी लागतच नाही, ते आख्खं वाक्य तक्रार आहे. आपल्याकडे हे काम अगदी छोटे शब्द करतात: आता तरी, निदान, एकदाचं, म्हणे, आम्हाला काय. "छान झालं" आणि "झालं एकदाचं छान" यातला फरक मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. "नोटेड"मध्ये मात्र खोडायला काहीच नव्हतं.

मग दुसरं काम दिलं, त्या तिघांचे जुने मेसेज वर जाऊन वाचायचं. हे लोक करतच नाहीत, एकच कमेंट धरून बसतात. सपोर्टवाल्याने सुट्टीच्या यादीला, लिफ्ट बंदच्या मेसेजला, कुणाच्या तरी मुलीच्या बारशाच्या निमंत्रणालाही "नोटेड"च लिहिलेलं, तो असाच लिहितो, संपला विषय. सीनिअर मात्र एरवी ग्रुपवर काही लिहीतच नाही, लिहिलं तर एक अंगठा टाकतो, आणि आज एवढी तीन वाक्यं. माणूस नेहमीपेक्षा वेगळं वागला की तिथे थांबून बघायचं, पुस्तकातली आडून राग काढणाऱ्या म्हणजे "पॅसिव्ह ॲग्रेसिव्ह वाक्यांची यादी" घेऊन ताडून बघण्यापेक्षा हे कितीतरी भरवशाचं आहे.

आणि लिहिलेल्यावरून आपण सगळे कमीच ओळखतो बरं का. २००५ साली जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली वगैरे अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास आला, त्यात लोकांनी काही वाक्यं उपरोधाने आणि काही मनापासून लिहून ईमेलने पाठवली. पाठवणाऱ्यांना वाटलेलं की वाचणारा साधारण ७८ टक्के वेळा बरोबर ओळखेल, प्रत्यक्षात ओळखलं ५६ टक्के. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतंच. म्हणून कमेंटवरून फक्त शंका घ्यायची, निकाल द्यायचा नाही.

निकालासाठी विचारावंच लागतं, पण अनाउन्समेंटखाली अजिबात नाही. सगळ्यांसमोर "याचा अर्थ काय?" लिहिलंत की समोरचा "अगं मजा केली, किती मनाला लावून घेतेस" म्हणून सुटतो आणि भांडखोर तुम्ही ठरता. आडून बोलण्याची सगळी सोय याच्यातच आहे, अर्थ पोचतो पण हात वर करता येतात. एकटं गाठायचं आणि सुरावर बोलायचंच नाही, त्यातल्या तक्रारीला खरी धरून तेवढंच विचारायचं. टेस्टिंगवालीला तिने जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "बिल्ड उशिरा येत होते का गं? कधी मिळाले तर तुला सोपं जाईल?" ती म्हणाली, अगं रोज संध्याकाळी सातनंतर यायचे, पाळणाघर बंद व्हायची वेळ असते ती. टोमणा खराच होता, पण तो आधी रिलीज बघणाऱ्या त्या सीनिअरला होता, हिला नव्हताच. माझी क्लायंट कितीतरी रात्री दुसऱ्याला लिहिलेलं वाक्य स्वतःवर घेऊन जागी होती!

सीनिअरला विचारलं तर आधी "सहज लिहिलं गं." ती तिथे अडली नाही, म्हणाली, "तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं का सरांनी?" मग तो गप्प झाला आणि म्हणाला, दोन वर्षं मी करत होतो, निदान एक फोन तरी करायचा. माझं स्पष्ट मत आहे की ही चूक मॅनेजरची होती, ज्याच्या हातातलं काम काढताय त्याला ग्रुपच्या आधी सांगायलाच हवं. पण राग निघाला तो हिच्यावर.

आणि तो कमेंटवर थांबला नाही. रिलीजची चेकलिस्ट मागितली की "हो हो, पाठवतो", आणि पाठवायचाच नाही. पॅसिव्ह ॲग्रेसिव्ह हा शब्द मुळात अशा वागण्यासाठीच आला, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकन सैन्यातले मानसोपचारतज्ज्ञ विल्यम मेनिंजर यांनी तो वापरला, जे सैनिक हुकूम उघड नाकारत नव्हते पण चालढकल करायचे, तोंड पाडून बसायचे, मुद्दाम काम कच्चं ठेवायचे त्यांच्याबद्दल. म्हणजे खरं काय ते कामात दिसतं. कमेंट बोचरी पण काम वेळेवर देतोय, तर तो रुसवा आहे, ओसरतो. कमेंट गोड आणि तुमचीच कामं अडतायत, तर तिकडे लक्ष द्या.

तिने मग तोंडी मागणं बंद केलं. चॅटवर साधं लिहिलं, "रिलीज चेकलिस्ट गुरुवार चारपर्यंत हवीये, शुक्रवारी रिलीज आहे", मॅनेजर त्यात होताच. "परत एकदा आठवण करून देते" वगैरे मी तिला खोडायला लावलं, कारण तो आपल्याकडून गेलेला टोमणा झाला असता. चेकलिस्ट बुधवारीच आली. नंतर मॅनेजर त्याच्याशी बोललाही. त्याच्याशी गप्पा काही परत सुरू झाल्या नाहीत, कामापुरतं बोलतो, आणि तिला ते आता चालतंय.

एक प्रकार मात्र या सगळ्यात बसवू नका. "मुलींना लवकर मिळतं बुवा", "सरांची लाडकी" असली कमेंट असेल तर समजून घेत बसायचं नाही, स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवायचा. बाई म्हणून, लैंगिक अर्थाने बोललं जात असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने ऑफिसच्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करता येते, साधारणपणे घटनेपासून ३ महिन्यांच्या आत, तेव्हा "बघू पुढे" म्हणत वेळ घालवू नका.

तुमच्या त्या दोन-तीन कमेंट मला तशाच्या तशा लिहून पाठवा, आणि त्याच लोकांचे आधीचे पाच-सहा मेसेजही, दुसऱ्या कुणाच्या अनाउन्समेंटखालचे असले तर उत्तम. त्याशिवाय मी हो किंवा नाही सांगणार नाही.