आपोआप उतरलेलं वजन आणि आलेखाचा तळ

"वय ५८, उंची १६८ सेंटिमीटर. काहीही न करता सहा-सात महिन्यांत वजन ८४ वरून ७८ किलोवर आलंय, बीएमआय २७.६. याच पट्ट्यातली माणसं सर्वांत जास्त जगतात असं वाचलं. मग आता निर्धास्त राहायला हरकत नाही ना?"

हे गृहस्थ आलेखाची प्रतच घेऊन आले होते. आडव्या अक्षावर बीएमआय, उभ्या अक्षावर मृत्यूचा धोका आणि दोन्ही टोकांना वर चढणारी रेषा. आकडे खोटे नव्हते. २०१३ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात २५ ते ३० बीएमआयच्या गटाचा धोका 'सामान्य' गटापेक्षा ६ टक्के कमी निघाला होता. यालाच लठ्ठपणाचा विरोधाभास म्हणतात.

मी त्यांना विचारलं, "या आलेखाच्या डाव्या बाजूला कोण कोण उभं आहे?" समजा, एकाचा बीएमआय आयुष्यभर २९ होता. फुप्फुसाचा आजार जडला, तो २१ पर्यंत खंगला आणि त्याच सुमारास अभ्यासात त्याचं वजन नोंदलं गेलं. पुढे तो गेला, की मृत्यू जमा होतो २१ च्या खात्यात. धूम्रपान करणारेही बरेचदा सडपातळ असतात आणि लवकर जातात. अशाने सडपातळ असणंच धोक्याचं वाटू लागतं आणि त्याच्या तुलनेत २७ चा आकडा बरा दिसतो.

२०१६ च्या जागतिक विश्लेषणात धूम्रपान केलेले, जुनाट आजार असलेले आणि पहिल्या पाच वर्षांतले मृत्यू वगळले, तेव्हा रेषेचा तळ २० ते २५ वर सरकला. २७.५ ते ३० या पट्ट्यातला धोका तळापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघाला. या चाळणीत निम्म्याहून अधिक माणसं गळली, त्यामुळे वाद अजून मिटलेला नाही. पण मला हीच मांडणी जास्त पटते. उतारवयात मात्र जास्त वजन आणि मृत्यू यांचा संबंध सौम्य होतो, हेही खरं.

पण मला खटकत होते त्यांचे तीन शब्द: 'काहीही न करता'. ८४ तले ६ किलो म्हणजे ७ टक्के. प्रयत्नाविना वर्षभरात ५ टक्क्यांहून जास्त वजन घटलं, तर कारण शोधायलाच हवं. विचारल्यावर कळलं, तहान फार लागते आणि रात्री लघवीसाठी तीन-चारदा उठावं लागतं. त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. रक्तातली साखर खूपच वाढली होती, मधुमेह निघाला.

औषधं सुरू झाल्यावर वजन ८० वर गेलं, तेव्हा ते धास्तावून परत आले. मी सांगितलं, लघवीवाटे वाया जाणारी साखर आता अंगी लागतेय, म्हणून काटा थोडा वर गेला. आलेखावर तुम्ही उजवीकडे सरकलात खरे, पण साखर आटोक्यात येतेय, म्हणजे धोका उतरतोय. आता कमरेचा घेर मोजत जा आणि वजन हळूहळू, ठरवून उतरवू.