‘अंतराळयुगीन’ फ्रॉक, समलंब चौकोन आणि आखूड-तोकड्यातला फरक

प्रश्न : साठच्या दशकातल्या पॅरिसच्या ‘स्पेस एज’ फॅशनवरचा लेख मराठीत आणते आहे. ‘अंतराळयुगीन फॅशन’ चालेल का? कपड्यांचे आकार ‘भूमितीय’ म्हणायचे की ‘भौमितिक’? व्हायनलला सरळ रेक्झिन म्हणू का? आणि मिनीला ‘तोकडा स्कर्ट’ म्हटलं तर?

उत्तर : ‘अंतराळयुगीन’ चालेल, ‘भौमितिक’ बरोबर. रेक्झिन नको आणि ‘तोकडा’ तर मुळीच नको. आता कारणं सांगतो. ती बरीचशी शिवणकामातच आहेत.

मध्ययुगीन, आधुनिक युगीन या घडणीचा ‘अंतराळयुगीन’ हा शब्द वाचकाला अडत नाही. फक्त पहिल्या उल्लेखाला काळ जोडा, नाहीतर लोकांच्या डोळ्यांपुढे अंतराळवीराचा फुगीर पोशाख उभा राहील. या कपड्यांचा त्याच्याशी थेट संबंध नव्हता. फ्रेंच फॅशन डिझायनर आंद्रे कुरेजचे ते गाजलेले पांढरे-चंदेरी कपडे पॅरिसमध्ये 1964 साली आले, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या पाच वर्षं आधी. पुढे 1969 मध्ये माणूस खरोखर उतरला, तोवर फॅशन लांब, घोळदार कपड्यांकडे वळायला लागली होती.

भौमितिक आकारांचा मुद्दा मात्र नीट उलगडायला हवा, कारण अनुवादात इथेच घोळ होतो. ‘भौमितिक’ म्हटलं की कापडावर चौकटी-वर्तुळं छापलेली असतील असं वाटतं. काही कपड्यांवर तशी होतीही, पण कुरेजच्या बाबतीत भूमिती नक्षीत नाही, कपड्याच्या अंगात आहे. हा माणूस आधी सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला. नंतर दहाएक वर्षं पॅरिसमधला नामवंत डिझायनर बालेंसियागा याच्या कार्यशाळेत कापणी-शिवण शिकला आणि 1961 मध्ये त्याने स्वतःचं दुकान थाटलं. त्याच्या फ्रॉकला कंबर नसते. सारा भार खांद्यांवर असतो. तिथून कापड सरळ खाली येत थोडं थोडं रुंदावत जातं आणि अंगाला फारसं चिकटत नाही.

मऊ कापडाचं हे काम नव्हे. रेशीम घेतलं असतं तर ते अंगावर लोळलं असतं आणि आकार तिथेच संपला असता. म्हणून त्याने जाड, घट्ट विणीचं लोकरी गॅबर्डीन वापरलं. शिवणीच्या कडेने बाहेरून दिसेल अशी दुसरी टीप मारली, म्हणजे ती कड ताठ राहते आणि डोळ्याला रेघ आखल्यासारखी दिसते. एरवी शिंपी टक्स घालून कापड छातीला-कंबरेला बसवतो. इथे तोच आकार शिवणींच्या जागा हलवून काढलेला असतो.

या आकारासाठी आपल्याकडे तयार शब्द आहे : समलंब चौकोन. वरची बाजू आखूड, खालची लांब, दोन्ही समांतर. लेखात ‘ट्रॅपीझ’ आलं असेल तर ते हेच. हे नाव कुरेजच्या आधीचं, 1958 मध्ये दिओरच्या फॅशन घराण्यासाठी तरुण इव्ह सां लोराँने केलेल्या कपड्यांचं. नुसतं ‘ट्रॅपीझ ड्रेस’ लिहिलंत तर मराठी वाचक सर्कशीच्या झोपाळ्यावर जाऊन बसेल. ‘समलंब चौकोनी घाटाचा फ्रॉक’ म्हणा. लांबलचक वाटलं तर ‘ए-लाइन’ ठेवा, तो शब्द आपले शिंपीही रोज वापरतात. दोन्हींत बारीक फरक आहे. ए-लाइनचा घेर सहसा बेताचा असतो, ट्रॅपीझचा खांद्यापासूनच सुटा आणि मोठा.

आता व्हायनल. कपड्यांच्या संदर्भात याचा अर्थ पीव्हीसी, आणि बहुतेक वेळा पीव्हीसीचा लेप दिलेलं सुती कापड. रेक्झिनही लेप दिलेलंच कापड, पण मराठी कानाला त्यातून रिक्षाची सीट आणि ऑफिसातली खुर्ची ऐकू येते. व्हायनलचा सगळा डौल त्याच्या ओल्या चकाकीत होता. लंडनची डिझायनर मेरी क्वांट हिने 1963 मध्ये अशा रेनकोटांचा जो संच काढला त्याचं नावच ‘वेट कलेक्शन’ होतं. तेव्हा ‘व्हायनल’च ठेवा आणि एकदा ‘पीव्हीसीचा चकचकीत लेप दिलेलं कापड’ असा खुलासा करा.

लेखात क्वांटच्या रेनकोटांना झालेल्या उशिराचा उल्लेख असेल तर त्यामागची अडचण वाचकाला सांगा. सुती कापडात सुई गेली की धागे बाजूला सरतात आणि पुन्हा मिटतात. व्हायनलमध्ये सुईचं भोक भोकच राहतं. टाके जवळजवळ घातले की टपाल तिकिटाच्या कडेसारखी भोकांची रांग तयार होते आणि ओढ बसताच कपडा तिथेच फाटतो. शिवाय त्या भोकांतून पाणी आत येतं, मग रेनकोट काय कामाचा? मशीनचा दाबपाय चिकट पृष्ठभागावर अडकतो तो वेगळाच. शेवटी शिवणी उष्णतेने सांधण्याची रीत बसवावी लागली आणि माल दुकानात नीट यायला दोनेक वर्षं गेली. म्हणून तिथे ‘शिवलेला’ असं लिहू नका, ‘सांधलेला’ लिहा.

चकाकणारं सगळंच व्हायनल नव्हे, हेही जपा. पॅरिसचा डिझायनर पाको राबान याने 1966 मध्ये ‘न घालता येण्याजोगे’ असं स्वतःच म्हणून जे बारा पोशाख दाखवले, त्यांत ऱ्होडॉइड नावाच्या प्लॅस्टिकच्या चकत्या धातूच्या कड्यांनी एकमेकींत अडकवलेल्या होत्या. तिथे सुईदोऱ्याऐवजी पक्कड चालली. त्याला ‘व्हायनलचा ड्रेस’ म्हणणं सरळ चूक ठरेल.

पांढऱ्या बुटांबद्दल थोडक्यात. ‘गो-गो बूट’ हे नाव अमेरिकेतल्या डिस्कोथेकमधल्या नर्तकींवरून रूढ झालं. त्याच्या मुळाशी फ्रेंच ‘आ गोगो’ आहे, अर्थ ‘हवं तेवढं’. कुरेजचे बूट पोटरीच्या मध्यापर्यंत येणारे, सपाट टाचेचे, मऊ चामड्याचे. व्हायनलच्या स्वस्त नकला मागाहून निघाल्या. पॅरिसबद्दलच्या परिच्छेदात ‘सपाट टाचेचे पांढरे बूट’ आणि नकलांबद्दल ‘गो-गो बूट’ अशी वाटणी करा.

राहिला ‘तोकडा’. मराठीत तोकडं म्हणजे अपुरं. तोकडं ज्ञान, तोकडा पगार. कपड्याला लावला की त्यात नाक मुरडणं आपसूक येतं. मूळ लेखकाला तेच म्हणायचं असेल, उदाहरणार्थ त्या काळातल्या टीकाकारांचं मत देताना, तर जरूर वापरा. वर्णनात ‘आखूड’ पुरे. आणि किती आखूड हे सालाप्रमाणे बदला. कुरेजचे 1964-65 चे कपडे गुडघ्याच्या जरा वर थांबतात. मांडीच्या मध्यापर्यंतची उंची सर्रास दिसू लागली ती दशकाच्या उत्तरार्धात. ती शक्य झाली मोज्यांमुळे, कारण पट्ट्याला अडकवलेल्या सुट्या मोज्यांची वरची कड एवढ्या आखूड स्कर्टखाली दिसली असती. कंबरेपर्यंतचे अखंड मोजे आले आणि तो प्रश्न मिटला. मूळ मजकुरात ‘टाइट्स’ असेल तर मराठीत ‘घट्ट विजार’ करू नका, अर्थ हुकेल.

‘मिनीची जननी मेरी क्वांट’ असं ठाम वाक्य आलं असेल तर अनुवादकाची टीप द्यायला हरकत नाही. कुरेजनेही तो मान आपलाच म्हणून सांगितला होता, आणि खुद्द क्वांटने श्रेय दिलं ते लंडनच्या किंग्ज रोडवरच्या मुलींना.