पतसंस्थेची ८०पी वजावट: बँकेतल्या ठेवीचं व्याज वेगळं काढा

नफा आला की सगळा ८०पी खाली वजा करू नका. सभासदांना दिलेल्या कर्जावरचा नफा पूर्ण वजा होतो. राष्ट्रीयीकृत बँकेतल्या ठेवीचं व्याज अधिकारी, २०१० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या टोटगार्स निकालाच्या आधारे, 'इतर उत्पन्न' धरतात.

पण म्हणून ते अख्खं व्याज करपात्र दाखवायचीही गरज नाही, आणि खरी चूक इथेच होते. ती ठेव सभासदांच्याच पैशांतून केलेली असेल, तर त्या पैशांवर आपण व्याज दिलेलं असतं.

समजा कर्जावरचं व्याज ४४ लाख, बँकेचं ६ लाख, एकूण खर्च ४० लाख. नफा १० लाख. बँकेच्या व्याजाचा वाटा १२ टक्के, म्हणून खर्चातले ४.८० लाख त्याच्या नावावर टाका. करपात्र उरले १.२० लाख, वजावट ८.८० लाख. मात्र कोणत्या निधीतून ठेव केली हे ठरावातून आणि खातेवहीतून दिसलं पाहिजे. नाहीतर अधिकारी हा खर्च सरळ नाकारतो.

आणि विवरणपत्र मुदतीतच भरा. उशीर झाला तर कलम ८०एसी मुळे सगळी वजावटच जाते.