सुपर चॅटची उसळी नेमकी कशाने येते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: यूट्यूबवरच्या संपलेल्या लाइव्हचा चॅट फाईलमध्ये कसा घ्यायचा? पुढच्या महिन्यात निवांत बसून अभ्यास करणार आहे.

पुढच्या महिन्यात नको, आजच घ्या. स्ट्रीमचा नको असलेला भाग एडिटरमध्ये कापला की चॅट रिप्ले सहसा गायब होतो, आणि मग लोक मला विचारतात, आता काय करू. आधी yt-dlp या प्रोग्रॅमच्या खालच्या आज्ञेने चॅट उतरवा, मग कापाकापी करा.

```
yt-dlp --skip-download --write-subs --sub-langs live_chat "URL"
```

दुसऱ्याच्या चॅनेलचा चॅट घेणार असाल, तर आधी मालकाला विचारा आणि यूट्यूबच्या अटी वाचा.

प्रश्न: फाईलमध्ये liveChatPaidMessageRenderer हा शब्द मोजला. स्टुडिओत दिसतात त्याच्या जवळजवळ दुप्पट सुपर चॅट निघाले. स्टुडिओ लपवतंय का?

नाही. एकच सुपर चॅट फाईलमध्ये दोनदा येतो: एकदा चॅटमधला संदेश म्हणून, आणि दुसऱ्यांदा वरच्या पट्टीत सरकणाऱ्या चौकटीत. `addChatItemAction` च्या आतले तेवढे मोजा, `addLiveChatTickerItemAction` मधले सोडा. स्टिकर `liveChatPaidStickerRenderer` या नावाने वेगळे येतात. तेही हवे असतील तर वेगळ्या रकान्यात ठेवा.

प्रश्न: रक्कम मोजू की माणसं?

माणसं. एका मोठ्या देणगीने पूर्ण आलेख वाकडा होतो, आणि रकमा वेगवेगळ्या चलनांत आलेल्या असतात.

प्रश्न: माझी दोन तासांची लाइव्ह होती. १ तास १२ मिनिटांपासून पाच मिनिटांत ११ सुपर चॅट आले. तेव्हा मी जुन्या दुर्बिणीचा आरसा काढून दाखवत होतो. आता दुरुस्तीच्याच लाइव्ह कराव्यात का?

हा प्रश्न मला वेगवेगळ्या रूपांत सतत येतो, म्हणून सविस्तर लिहितो. उसळी दिसली, त्या क्षणी पडद्यावर काय होतं ते पाहिलं आणि तेच कारण ठरवून टाकलं, असं सगळे करतात. त्यावर महिन्याभराचं नियोजन उभं राहतं, आणि ते कोसळलं की दोष प्रेक्षकांना!

तुम्ही तक्ता आणि व्हिडिओ दोन्ही पाठवलेत, हे फार बरं केलंत. ११ संदेश सहा जणांचे आहेत. एकाने चार पाठवले, दोघांनी दोन-दोन, उरलेल्या तिघांनी एकेक. म्हणजे उसळी सहा माणसांची आहे.

आता वेळ बघू. तुम्ही आरसा १:१०:५० ला उचललात. साधा चॅट १:११:१० च्या सुमारास वाढला, आणि पहिला सुपर चॅट १:१२:०५ ला आला. हे अंतर असणारच. चित्र प्रेक्षकापर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचतं, मग तो लिहितो, रक्कम निवडतो, पैसे भरतो. त्यामुळे उसळीच्या मिनिटाला नव्हे, तिच्या एखाद-दीड मिनिट आधी काय घडलं ते बघायचं. तुमच्या स्ट्रीममध्ये चित्र पोहोचायला साधारण किती उशीर लागतो, ते साध्या चॅटवरून असं काढता येतं.

इथपर्यंत आरशाची बाजू भक्कम दिसते. पण १:१३ ला तुम्ही हातातलं काम थांबवलंत, पहिल्या देणगीदाराचं नाव घेतलंत आणि आरशावरच्या डागांबद्दलच्या त्याच्या प्रश्नाला मिनिटभर नीट उत्तर दिलंत. ११ पैकी आठ संदेश त्यानंतरचे आहेत, आणि आठपैकी सहांत प्रश्नच आहे. लोकांना कळलं की इथे पैसे देऊन विचारलं की हमखास उत्तर मिळतं.

म्हणून मी तुमच्या त्याच लाइव्हमध्ये आणखी दोन जागा पाहिल्या. ३५व्या मिनिटाला तुम्ही दुर्बिणीचा पाया दुरुस्त करत होतात, हात गुंतलेले होते, एकही संदेश वाचला नाहीत. तिथे सुपर चॅट शून्य. १ तास ४८ मिनिटांना दुरुस्ती नव्हती, नुसती प्रश्नोत्तरं होती, नावं घेऊन. तिथे पाच जणांनी पैसे दिले. स्टुडिओतल्या आलेखावर प्रेक्षक होते अनुक्रमे १४० आणि २६०. आरशाच्या वेळी ३१० होते. म्हणजे आरशाला शंभर प्रेक्षकांमागे सुमारे १.९ देणगीदार, आणि नुसत्या प्रश्नोत्तरांतही १.९. दुरुस्ती काढून टाकली तरी प्रमाण तेच राहिलं.

मात्र ३५व्या मिनिटाच्या शून्यावर फार भिस्त ठेवू नका. त्याच प्रमाणाने १४० जणांत अडीच-तीनच देणगीदार अपेक्षित होते, आणि एवढ्या थोड्यांत कधी शून्यही येतं. म्हणून दुरुस्तीने काहीच फरक पडत नाही असं मी म्हणत नाही. ती किती पाडते हे या एका लाइव्हवरून सांगता येत नाही, एवढंच म्हणतो. आरशाने प्रेक्षक वाढवले असतील, हेही शक्य आहे, आणि तेही मोलाचं आहे.

पुढच्या काही लाइव्हमध्ये दुरुस्तीचा भाग दोन प्रकारे करा. कधी संदेश लगेच वाचा, कधी 'शेवटी वाचतो' असं आधीच सांगून थांबा. बिनदुरुस्तीच्या भागातही तसंच करा. चारही प्रकारांत शंभर प्रेक्षकांमागे किती जणांनी दिलं ते लिहून ठेवा, आणि जिथे उसळी आली नाही त्या जागाही लिहा. त्या सोडल्या तर तक्ता तुम्हाला आवडेल तेच सांगेल. निष्कर्ष काढण्याआधी तो संख्याशास्त्र जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवा.

प्रश्न: शेवटच्या पंधरा मिनिटांतच पैसे येतात, असं सगळे म्हणतात. खरं का?

'सगळे' म्हणजे कोण? शेवटी बहुतेक जण 'आता थांबतो, कुणाचा प्रश्न राहिलाय का?' असं म्हणतात, आणि मग येतात. घड्याळाने येतात की त्या वाक्याने, हे तपासायचं तर ते वाक्य एखाद्या दिवशी मध्येच म्हणून बघा.

प्रश्न: एक कंपनी 'देणगी आणणारे क्षण' आपोआप शोधून देते म्हणते. सशुल्क आहे. घेऊ का?

नको. त्यांच्याकडे तुम्ही संदेश केव्हा वाचलात याची नोंद असेल तर मला कळवा. ती नसेल तर वर सांगितलेली गल्लत तुम्ही पैसे देऊन विकत घेताय. आणि बाहेरच्या पेमेंट लिंकवरून आलेली देणगी चॅट फाईलमध्ये नसतेच. ती कशी जुळवता, हेही त्यांना विचारा.

प्रश्न: एक प्रेक्षक दर लाइव्हला मोठी रक्कम देतो. त्याला काय आवडतं ते वेगळं काढून त्याच्यासाठीच विषय ठेवू का?

नका ठेवू. तक्त्यातून त्याचं नाव आणि चॅनेल आयडी काढून टाका, जागी फक्त क्रमांक ठेवा. आलेख त्याला धरून एकदा आणि वगळून एकदा काढा. त्याला वगळल्यावर उसळी नाहीशी होत असेल, तर विषयाबद्दल त्यातून काहीच कळलेलं नाही. तो लहान वयाचा असेल किंवा पैसे झेपत नसतील अशी शंका जरी आली, तरी चॅटवर त्याला उत्तेजन देणं थांबवा आणि खासगीत विचारा. नियमित मोठी रक्कम येत असेल तर कराबद्दल सनदी लेखापालाशी बोला. ते मी इथून सांगू शकत नाही.