खालून काढलेल्या फोटोतली भिंत सरळ करून तिच्यावर बोर्ड कसा बसवायचा?

प्रश्न: दुकानाच्या फोटोवर बोर्डाचं डिझाइन बसवून गिऱ्हाइकाला दाखवायचं असतं. फोटो खालून काढलेला, इमारत वर निमुळती होत गेलेली. फोटो फिरवून बघितला, तरी बोर्ड वरून चिकटवल्यासारखाच दिसतो. आधी नक्की काय सरळ करायचं?

उत्तर:

आधी फोटो फिरवू नका. तो नुसता कललाय की निमुळता झालाय, ते पहिल्यांदा ओळखा. शटर ज्या दोन उभ्या चॅनलमधून सरकतं, त्या चॅनल बघा. दोन्ही एकाच बाजूला सारख्याच झुकल्या असतील तर फोन हातात वाकडा धरला गेला होता, आणि तेवढं फिरवून भागतं. पण डावी चॅनल उजवीकडे आणि उजवी डावीकडे झुकली असेल, तर फोन वरच्या बाजूला तिरका करून फोटो काढलाय. भिंतीचा वरचा भाग लेन्सपासून लांब पडला म्हणून तो अरुंद दिसतो. अशा फोटोत एक चॅनल ओळंब्यात आणायला फोटो फिरवला की दुसरी दुप्पट तिरकी होते. तुमचं तेच झालं असणार.

कोल्हापुरात जुन्या पेठांत मला बहुतेक वेळा दोन्ही दोष एकत्रच मिळतात, कारण गल्ली अरुंद असते आणि मागं सरकायला जागाच नसते. फोटोशॉपमध्ये हे दोन्ही एकदमच काढता येतं. फोटोच्या लेअरला स्मार्ट ऑब्जेक्ट करा आणि Filter > Camera Raw Filter उघडा. लेन्समुळे कडेच्या रेषा धनुष्यासारख्या वाकल्या असतील तर त्या आधी Optics मध्ये सरळ करा, कारण वाकड्या रेषेवर सरळ खूण बसत नाही. मग Geometry मध्ये (जुन्या आवृत्तीत त्याचं नाव Transform) Guided निवडा. दोन खुणा शटरच्या दोन चॅनलवर उभ्या ओढा आणि दोन शटरच्या आडव्या पट्ट्यांवर, एक वर आणि एक खाली.

खूण कशावर ओढता याला फार महत्त्व आहे. रस्त्याची किंवा पायरीची कड आडवी धरू नका, आपल्याकडचे रस्ते उताराचे आहेत. विजेचा खांब उभा धरू नका, तो कधीच ओळंब्यात नसतो. शटरच्या पट्ट्या मात्र एकमेकींना समांतर असतात आणि शटर सहज वरखाली होत असेल तर चॅनलही सरळ असतात.

रेषा सरळ झाल्या की काम झालं असं वाटतं, पण खरी चूक इथून पुढं होते. एका दुकानाचं सविस्तर सांगतो. शटर 8 फूट रुंद, 7 फूट उंच. बोर्ड 10 बाय 3 फुटांचा, वरच्या गॅलरीच्या कठड्यावर बसायचा होता. कठडा 11 फूट रुंद आणि त्याच्या कडेनं पावसाच्या पाण्याचा पाइप. फोटो सरळ केल्यावर शटरची रुंदी 1600 पिक्सेल भरली, म्हणजे फुटाला 200. त्या हिशेबानं उंची 1400 भरायला हवी होती, भरली 1260. वरचा भाग रुंदीला ताणला जातो आणि उंची मागं राहते, म्हणून सरळ केलेली इमारत बसकी दिसते. उपाय सोपा आहे. लेअरला आणखी एकदा स्मार्ट ऑब्जेक्ट करा, नाहीतर ताणल्यावर फिल्टर परत नव्यानं लागतो. मग `Ctrl+T` दाबा, रुंदी-उंचीमधली साखळी सोडवा आणि H मध्ये 111.1% घाला. म्हणून साइटवर टेपनं निदान एका वस्तूची रुंदी आणि उंची, दोन्ही मोजून आणा.

एवढं मी केलं होतं. मग फुटाला 200 धरून 2000 बाय 600 पिक्सेलचा बोर्ड कठड्यावर ठेवला, दोन्ही बाजूंना सव्वा फुटाच्या आसपास मोकळी जागा दिसली, मालकांनी पसंत केला. बोर्ड लागला त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला, "फोटूत एवढी जागा दिसत हुती, मग ह्यो पाइपाला कसा काय टेकलाय?"

बोर्ड मापाचाच होता, फोटो चुकीचा होता. कठडा शटरच्या दोन फूट पुढं आलेला. मी शटरपासून 16 फुटांवर उभा होतो, म्हणजे कठडा माझ्यापासून 14 फुटांवर होता. जवळची वस्तू मोठी दिसते. शटरवर फुटाला 200 पिक्सेल पडतात, तर कठड्यावर 200 × 16 ÷ 14, म्हणजे जवळजवळ 229. दहा फुटांचा बोर्ड तिथं 2286 पिक्सेलचा दिसायला हवा होता. मी ठेवलेला 2000 चा बोर्ड त्या कठड्यावर पावणेनऊ फुटांचाच होता. खऱ्या बोर्डाला दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचच उरले आणि पाइपाच्या क्लॅम्पनं ते खाल्ले. पाइप सरकवायचा खर्च मी दिला.

त्यानंतर माप मी नेहमी बोर्ड ज्या भागावर बसणार त्याच भागावरून धरतो. कठड्यावर बोर्ड असेल तर शिडी लावून कठडाच मोजतो. 11 फुटांना 2514 पिक्सेल मिळाले की बाकीचं आपोआप जमतं. उभ्या-आडव्याचं प्रमाण शटरवरून सुधारलेलं चालतं, कारण कठडा शटरला समांतर आहे. फक्त पिक्सेलचा हिशेब बदलतो.

"चिकटवल्यासारखा दिसतो" याचं कारण बहुतेक बोर्डाची खालची बाजू हे असावं. रेषा सरळ केल्या म्हणून तुमचा डोळा वर चढत नाही. फोटोत गॅलरीचा तळ अजून दिसतोच, म्हणजे बघणारा खालीच उभा आहे. मग चार इंच जाडीच्या ग्लो साइनचा तळही दिसायलाच हवा. वर सांगितलेल्या दुकानात बोर्डाची खालची कड जमिनीपासून 9 फुटांवर आणि फोन 5 फुटांवर होता. तिथं पुढच्या बाजूखाली साधारण 20 पिक्सेलची गडद पट्टी यायला हवी. ती काढा, तिच्याखाली कठड्यावर पुसट सावली टाका. सपाट फ्लेक्स असेल तर पट्टी नको, सावलीही नावाला. शिवाय ताणल्यामुळं फोटोचा वरचा भाग थोडा मऊ पडलेला असतो. डिझाइन त्याच्यापेक्षा धारदार दिसलं तर Gaussian Blur अर्धा ते एक पिक्सेल द्या.

बसवून झाल्यावर 100% झूम करून बोर्डाची खालची कड आणि कठड्याची कड एकमेकींच्या शेजारी बघा. मधली फट एका टोकाला चार आणि दुसऱ्या टोकाला नऊ पिक्सेल असेल तर बोर्डाला हात लावू नका, Guided च्या खुणा परत तपासा. गिऱ्हाइकाला तो फरक मोजता येत नाही, पण "कायतरी वाकडं वाटतंय" हे तो लगेच सांगतो.

जमलं तर समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावरून फोटो काढायची परवानगी मागा. महाद्वार रोडच्या आसपास मी असं कितीदा केलंय, लोक आनंदानं गॅलरीत उभं राहू देतात. फोन बोर्डाच्या उंचीवर आला की तो वर करावाच लागत नाही, रेषा निमुळत्या होत नाहीत आणि बोर्डाचा तळही दाखवावा लागत नाही. फक्त 0.5x लेन्स वापरू नका, आणि चारी बाजूंना भरपूर जागा सोडा. सरळ करताना कडा कापल्या जातात, आणि कापलेल्या भागात शेजारच्या दुकानाचा बोर्ड गेला तर गिऱ्हाईक हमखास तोच बघायला मागतं.