सीलबंद सेट, फोडलेले खोके आणि सुटे नग यांची मोजणी

प्रश्न: निपाणीत आमचे काचेच्या सामानाचे दुकान आहे. काही माल सीलबंद सेटमध्ये, काही अर्धवट खोक्यांत आणि काही सुटा असतो. मोजायला बसलो की कधी माल जास्त भरतो, कधी कमी. एकच नग दोनदा मोजला जाऊ नये आणि एकही राहू नये, यासाठी काय करावे?

उत्तर: माल ज्या अवस्थेत ठेवलेला आहे त्याच अवस्थेत तो मोजावा आणि गोदामात उभे राहून कोणताही गुणाकार करू नये, हा माझ्या मते या कामातला मुख्य नियम आहे. मी बेळगावात रविवार पेठेतील एका घाऊक दुकानाचा माल आणि हिशेब सांभाळतो. फरकाचे मूळ बहुतेक वेळा मोजणाऱ्याच्या तोंडी हिशेबात सापडते, असा माझा अनुभव आहे. समोर सात खोके दिसले की माणूस मनातच बाराने आणि सहाने गुणतो, एकच आकडा लिहितो, आणि मग त्या आकड्यात काय धरले व काय सोडले हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. म्हणून मोजणीच्या कागदावर प्रत्येक वस्तूपुढे सीलबंद खोके, त्या खोक्यात किती बॉक्स, सुटे पण न उघडलेले बॉक्स, आणि सुटे नग असे वेगवेगळे रकाने ठेवावेत. नगांची एकूण संख्या टेबलावर बसून, एकदाच काढावी.

सेटच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आधी ठरवावी लागते. तुमच्याकडे लेमन सेट असेलच: एक जग आणि सहा ग्लास. तोच ग्लास सहाच्या बॉक्समध्येही विकला जातो आणि सुटाही दिला जातो. अशा वेळी सीलबंद लेमन सेट ही स्वतंत्र वस्तू मानावी, आणि त्यातील ग्लास 'ग्लास' या नावाखाली मुळीच धरू नयेत. सेट उघडला की त्याच क्षणी तो सेट राहत नाही. त्याचा एक जग आणि जितके ग्लास शिल्लक असतील तितके ग्लास होतात. ही नोंद, म्हणजे 'सेट वजा एक, जग अधिक एक, ग्लास अधिक सहा', सेट फोडतानाच वहीत झाली पाहिजे. ती मोजणीच्या दिवशी आठवून करता येत नाही.

मोजणीपूर्वी आवक आणि विक्री थांबवावी, आणि ज्याचे बिल झाले आहे पण जो अजून उचललेला नाही तो माल बाजूला काढून त्यावर चिठ्ठी लावावी. त्याचप्रमाणे चलनावर बाहेर गेलेला, पण बिल न झालेला माल वेगळ्या यादीत घ्यावा. तो गोदामात दिसत नसला तरी अजून तुमचाच असतो. हे भाग बहुतेक दुकानदारांना ठाऊक असतात, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

खरी अडचण फोडलेल्या खोक्यांची असते. त्यातले नग वरून पाहून मोजणे धोक्याचे आहे, कारण काचेच्या मालात थरांमध्ये पुठ्ठ्याची पट्टी असते. वरचा थर भरलेला दिसला तरी खालचा अर्धा रिकामा असू शकतो, आणि कधी याच्या उलटही असते. शिवाय 'यात बारा होते, दोन काढले, म्हणजे दहा' अशी वजाबाकी करू नये, कारण तिसरा कोणी काढला हे खोका सांगत नाही. फोडलेला खोका पूर्ण रिकामा करून मोजावा, पुन्हा भरावा आणि त्यावर संख्या व तारीख लिहिलेली चिठ्ठी लावावी. एका वस्तूचा एका वेळी एकच खोका फोडलेला असावा, हा नियम वर्षभर पाळल्यास असे खोके मोजकेच निघतात.

याहून फसवा असतो तो पुन्हा चिकटपट्टी लावून ठेवलेला खोका. धूळ लागू नये म्हणून कामगार चांगल्या हेतूनेच तो बंद करतात, आणि मोजणीत तो सीलबंद म्हणून गणला जातो. कंपनीच्या पट्टीवर दुसरी पट्टी, सुरकुतलेली टोके किंवा पट्टीखाली फाटलेला पुठ्ठा दिसला की तो खोका फोडलेलाच समजावा. शंका असल्यास वजनकाटा उपयोगी पडतो. दोनशे ग्रॅमचा ग्लास धरला तर बहात्तर ग्लासांच्या खोक्यात साधारण साडेचौदा किलो काच असते, आणि एक बॉक्स कमी असल्यास सव्वा किलोच्या आसपास फरक दिसतो, जो लपत नाही. मात्र एकच ग्लास कमी असेल तर तो फरक काचेच्या आणि पुठ्ठ्याच्या वजनातील नेहमीच्या कमीअधिकपणात बुडून जातो, म्हणून काट्यावर सुटे नग ठरवू नयेत.

खोक्यात किती बॉक्स आहेत, हे आठवणीवर सोडू नये. तोच ग्लास, तोच रंग, तसाच खोका, पण जुन्या मालात बारा बॉक्स आणि नव्यात आठ असा बदल होऊ शकतो. म्हणून खोक्याच्या बाजूला छापलेली संख्या वाचून लिहावी, आणि दोन मापांचे खोके कागदावर दोन ओळींत घ्यावेत.

आपल्या भागात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. एका गोदामात कोणी मराठी आकडे लिहितो, कोणी कन्नड, कोणी इंग्रजी. घाईत लिहिलेला मराठी एक हा इंग्रजी नऊसारखा वाचला जातो, आणि कन्नड एक गोलसर असल्यामुळे इतरांना शून्य वाटतो. सगळ्यांनी इंग्रजी आकडेच लिहायचे, असे सकाळीच ठरवून सांगावे. आमच्याकडे त्यावर वाद झाला, पण कागद वाचताना सगळेच मुकाट्याने मान्य करतात.

प्रत्यक्ष मोजताना दोघे असावेत, एक मोजणारा आणि एक लिहिणारा, आणि काउंटर, शोकेस व सुटे नग आधी मोजावेत, कारण हलण्याची शक्यता त्यांचीच अधिक असते. मोजून झालेल्या प्रत्येक थप्पीवर रंगीत खडूची खूण करावी. शेवटी गोदामातून एक फेरी मारली की खूण नसलेली थप्पी राहून गेलेली आहे हे लगेच दिसते, आणि खूण असलेली थप्पी दुसऱ्यांदा कोणी मोजत नाही. पोटमाळा, जिन्याखालची जागा आणि परत आलेल्या मालाचा कोपरा या तीन ठिकाणी ही फेरी हमखास काहीतरी काढून देते.

आता एक उदाहरण आकड्यांनिशी पाहू. पुस्तकी शिल्लक अशी आहे: ग्लास ५०४, लेमन सेट १०, सुटे जग २. मोजणीत बारा बॉक्सचे ५ सीलबंद खोके आणि आठ बॉक्सचे २ सीलबंद खोके मिळाले. एका फोडलेल्या खोक्यात ५ न उघडलेले बॉक्स आणि एका उघड्या बॉक्समध्ये ४ ग्लास होते. शोकेस व काउंटर मिळून १४ ग्लास सुटे होते. लेमन सेट ९ सीलबंद होते आणि एक उघडलेला होता, ज्यात जग आणि ४ ग्लास होते. फळीवर २ जग वेगळे होते.

टेबलावर हिशेब असा होतो. पाच खोक्यांचे ३६०, दोन खोक्यांचे ९६, न उघडलेल्या बॉक्सचे ३०, उघड्या बॉक्सचे ४, सुटे १४ आणि उघड्या सेटमधील ४, म्हणजे ग्लास ५०८. सेट ९. जग ३. एक्सेलमध्ये प्रत्येक ओळीसाठी खोके B मध्ये, खोक्यातील बॉक्स C मध्ये, बॉक्समधील नग D मध्ये, न उघडलेले बॉक्स E मध्ये आणि सुटे नग F मध्ये असतील तर सूत्र इतकेच आहे:

```
=B2*C2*D2+E2*D2+F2
```

पुस्तकाशी ताडले तर सेट एकाने कमी, जग एकाने जास्त आणि ग्लास चाराने जास्त. हे तीन फरक एकत्र वाचायचे. एक सेट फोडला गेला आणि नोंद झाली नाही, असे धरले तर सेट वजा एक, जग अधिक एक, ग्लास अधिक सहा व्हायला हवे होते. जग आणि सेट जुळले. ग्लास मात्र दोनने कमी राहिले. शोधायचे आहेत ते फक्त हे दोन ग्लास, आणि अशा ठिकाणी चलनबुक उघडले की खानापूरच्या एखाद्या हॉटेलला वाटेत फुटलेल्यांच्या बदली दोन ग्लास दिल्याची, पण वहीत न चढवलेली नोंद सापडू शकते.

हाच माल कोणी 'सगळे ग्लासच' म्हणून एकत्र केला असता, तर पुस्तकात ५६४ आणि मोजणीत ५६२ आले असते. जगांची संख्याही बारालाच जुळली असती. दोन ग्लासांची तूट तेवढी दिसली असती, पण विकायला दहाऐवजी नऊच सेट उरले आहेत हे कोणालाच कळले नसते. एकाने सेट ९ लिहिले आणि दुसऱ्याने त्यांतले ५४ ग्लास पुन्हा ग्लासांत धरले असते, तर ग्लास ५६२ भरून ५८ ची वाढ दिसली असती.

फरकाचा आकार पाहून चूक कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो. सहाने भाग जाणारा फरक बहुधा बॉक्सचा किंवा सेटचा, ४८ किंवा ७२ चा फरक खोक्याचा, आणि पाचपर्यंतचा फरक सुट्या नगांचा असतो. वरच्या उदाहरणात सातही खोके बारा बॉक्सचे धरले असते तर प्रत्येकी २४ प्रमाणे ४८ ग्लास वाढले असते आणि एकूण फरक ५२ झाला असता. त्या ५२ कडे पाहून काहीच उमगत नाही, कारण त्यात दोन वेगळ्या चुका मिसळल्या आहेत. म्हणून फरक एकूण बेरजेवर शोधू नये. आधी फक्त खोक्यांच्या ओळी, त्यांच्या बाजूंवरील छापील संख्येशी ताडून पाहाव्यात.

मोजणीत सापडलेले फुटके ग्लास 'कमी भरले' या ओळीत मिसळू नयेत. त्यांची वेगळी यादी करून ते पुस्तकातून वजा करावेत. केंद्रीय जीएसटी कायदा, २०१७ मधील कलम १७(५)(एच) नुसार हरवलेल्या, नष्ट झालेल्या किंवा पुस्तकातून काढून टाकलेल्या मालावर खरेदीच्या वेळच्या कराची वजावट मिळत नाही आणि घेतलेली असल्यास ती परत करावी लागते. त्यामुळे ३१ मार्चची यादी सीएकडे देताना फुटलेले किती आणि नोंद राहून गेलेले किती, हे दोन आकडे स्वतंत्र लिहून द्यावेत.