पृथ्वी वृत्तात यती नेमकी कुठे?

प्रश्न : आईच्या त्यागावर पृथ्वी वृत्तात एक श्लोक रचायचा आहे. पहिली ओळ अशी केली : ‘उपास धरुनी, मुलांस भरवी सुखे घास ती’. गण जुळतात, तरी यतिभंग झाला असा शेरा मिळाला. तो कसा?

उत्तर : तुमचे गण खरेच बिनचूक आहेत. ज, स, ज, स, य आणि शेवटी ल, ग अशी सतरा अक्षरे बरोबर बसली आहेत. चूक आहे ती थांबण्याच्या जागेत. ‘धरुनी’पुढे तुम्ही स्वल्पविराम दिलात, पण ते सहावे अक्षर. पृथ्वीची यती आठव्यावर येते, अर्थ कुठेही थांबो. आता तुमची ओळ आठव्या अक्षरावर थांबून मोठ्याने म्हणा : ‘उपास धरुनी मुलां… स भरवी सुखे घास ती’. ‘मुलांस’मधला ‘स’ तुटून पलीकडे पडला, आणि कानाला ‘सभरवी’ असा भलताच शब्द ऐकू येतो. हाच यतिभंग.

उपाय सोपा आहे. आठ अक्षरांत शब्द पुरा होईल असे काही घ्या आणि मुलांना यतीच्या पुढे न्या. मी असे केले :

उपास धरुनी स्वतः, भरविते मुलां घास ती
कुणास न कळे असा, सहज साहते त्रास ती
जुनेच लुगडे शिवी, नवनवे मुलां लेववी
उशास बसुनी ज्वरी, सकल रात्र ती जागवी

पहिल्या ओळीचे लघु-गुरू मांडून पाहू. उ-पा-स-ध-रु-नी-स्व-तः : ल ग ल ल ल ग ल ग. इथे थांबायचे. मग भ-र-वि-ते-मु-लां-घा-स-ती : ल ल ल ग ल ग ग ल ग. ‘तः’ विसर्गामुळे गुरू होतो. ‘मुलां’ हे ‘मुलांना’चे जुने पद्यरूप, ते इथे चालते.

दुसऱ्या ओळीत ‘असा’ हे विशेषण यतीच्या अलीकडे आणि त्याचा ‘त्रास’ पलीकडे आहे. म्हणजे वाक्य यतीवर संपलेच पाहिजे असे नाही, शब्द संपला की झाले. समासात तर दोन पदांच्या सांध्यावरही यती चालते. या वृत्ताचे संस्कृत लक्षणच पाहा : ‘जसौ जसयला वसुग्रहयतिश्च पृथ्वी गुरुः’. वसू आठ, ग्रह नऊ, आणि यती पडते ती ‘वसु’ व ‘ग्रह’ यांच्या बरोबर मध्ये! शिवाय तिथला ‘सु’ ऱ्हस्व असूनही पुढच्या ‘ग्र’मुळे गुरू धरला आहे. नवशिक्याने मात्र आठवे अक्षर मुळातच गुरू घ्यावे, म्हणजे थांबताना आवाज टेकायला जागा मिळते. वरच्या श्लोकात तः, सा, वी, री ही अक्षरे त्यासाठीच तिथे आणली आहेत.

तुम्ही तिसरी-चौथी ओळ स्वतःची करा आणि लिहिण्याआधी प्रत्येक ओळ आठव्यावर थांबून म्हणून पाहा.